पूल मोठा केला, झालं?

शीर्षक वाचून कुणाला नदीवरचा पूल आठवेल, कुणाला पु. ल. आठवतील. या लेखात दोघेही नाहीत. हा पूल इंग्रजीतला, म्हणजे सामाईक साठा. महागाच्या वस्तू एकदाच करून एका जागी ठेवायच्या, ज्याला लागेल त्याने घ्यायची, काम झालं की परत ठेवायची. प्रोग्रामिंगमध्ये याला ऑब्जेक्ट पूल म्हणतात. निवृत्तीनंतर भाच्याच्या नादाने जावा शिकलो, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. "मामा, तुमच्या ब्लॉगवर हे कोण वाचणार?" असं तो म्हणतो. बघू या. नातेवाईक वाचतीलच, त्यांची काही सुटका नाही.

माझं म्हणणं असं आहे. डेटाबेसच्या कनेक्शनांचा पूल तुंबला की त्याचा आकडा वाढवून मोकळं व्हायचं, हा हल्ली रिवाज पडला आहे आणि तो मला साफ नामंजूर आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून तेच उदाहरण घेतो.

आधी कनेक्शन महाग का, ते सांगायला हवं. वाचनालयाची माहिती पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये आहे. पुस्तकं, सभासद, देवघेव, वर्गणी, दंड, सगळं. आपला प्रोग्राम त्याच्याशी बोलायला जातो तेव्हा आधी दोन यंत्रांमध्ये जोडणी व्हावी लागते. मग ओळख पटवायची. पासवर्ड तपासायची हल्लीची रीत मुद्दामच वेळखाऊ केलेली आहे, तेच गणित ४०९६ वेळा करायला लावतात, म्हणजे पासवर्ड चोरायला बसलेल्याचे कष्ट वाढतात. आणि पोस्टग्रेसची खासियत अशी की प्रत्येक कनेक्शनसाठी तो एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक नवा नोकर ठेवावा तसं. त्या प्रोसेसला स्वतःची मेमरी लागते. या सगळ्याला काही मिलिसेकंद जातात, सर्व्हर दूर असेल तर पंचवीस-पन्नास मिलिसेकंदही. आणि आपलं काम काय, तर 'अमुक दाखल क्रमांकाचं पुस्तक आहे का?' एवढंच. ते उत्तर यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. दाराशी ओळखपाळख करण्यातच सगळा वेळ!

म्हणून पूल. प्रोग्राम सुरू होतानाच दहा कनेक्शनं करून ठेवायची. कुणी वेबपानावर पुस्तक शोधलं की त्यातलं एक द्यायचं, उत्तर आलं की परत घ्यायचं. दहाच्या दहा बाहेर असली तर अकराव्याने थांबायचं, आणि ठरलेल्या वेळात मिळालं नाही तर त्याला 'नाही' सांगायचं. जावात यासाठी बहुतेक जण हिकारीसीपी वापरतात. त्यात न सांगता मिळणारा आकडा १० आणि थांबण्याची मुदत ३० सेकंद. (१९९४ सालच्या त्या प्रसिद्ध 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकात २३ पॅटर्न दिले आहेत, त्यात हा नाही. पण रोजच्या वापरात त्यातल्या निम्म्यांपेक्षा हाच जास्त दिसतो.)

एक गंमत इथे लक्षात ठेवावी, कारण पुढचं रामायण तिच्यावरच आहे. पुलातून घेतलेलं कनेक्शन परत करायला प्रोग्राममध्ये `close()` असंच लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं कनेक्शन बंद झालं. प्रत्यक्षात काही बंद होत नाही, ते फक्त पुलात परत जातं. नाव जुनंच ठेवलं, अर्थ बदलला. त्यामुळे `close()` राहून गेलं तर 'काय बिघडलं, कधीतरी बंद होईलच आपोआप' असं नव्या पोरांना वाटतं. होत नाही.

आता आमच्याकडे झालं ते सांगतो. वाचनालयाचा हा प्रोग्राम एका कंपनीने करून दिला. नाव घेत नाही. सुरुवातीला झकास चालला. पुढे दर पाच-सहा दिवसांनी बंद पडू लागला. बंद म्हणजे पान गोलगोल फिरत राहायचं आणि अर्ध्या मिनिटाने चुकीचा संदेश यायचा. ग्रंथपाल बाई माझ्याच विद्यार्थिनी. त्यांचा फोन यायचा, "सर, परत अडकलं." सर्व्हर बंद करून सुरू केला की पुन्हा पाच-सहा दिवस छान. नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, दर वेळी हीच ओळ:

```
HikariPool-1 - Connection is not available, request timed out after 30000ms
```

कंपनीच्या माणसाने फोनवरच निदान केलं, "लोड वाढलाय, पूल लहान पडतोय." दहाचे तीस केले. पंधरा दिवस चाललं, मग पुन्हा तेच. त्यांनी शंभर केले.

'लोड वाढलाय' हे ऐकल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं, सवय जात नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे, अगदी सातवीतल्या मुलालाही कळेल असा. दर सेकंदाला किती जण येतात त्याला प्रत्येक जण किती सेकंद थांबतो त्याने गुणा, म्हणजे एका वेळी सरासरी आत किती जण असतात ते मिळतं. आमच्याकडे सगळ्यांत जास्त गर्दी स्पर्धा परीक्षांच्या दिवसांत, अभ्यासिकेत जागा नोंदवायला पोरं तुटून पडतात तेव्हा. हात सैल सोडून सेकंदाला २० विनंत्या धरल्या. प्रत्येक विनंती कनेक्शन १५ मिलिसेकंद धरून ठेवते असं मानलं, तेही सढळ हाताने. वीस गुणिले ०.०१५ म्हणजे ०.३. एका वेळी सरासरी एक कनेक्शनसुद्धा पुरतं वापरात नाही! सरासरीच्या वर गर्दीचे झोत येतात हे मान्य, पण दहा कनेक्शनं त्यासाठी रग्गड झाली. मग दहा, तीस, शंभर भरतात कशी?

आणखी एक गोष्ट खटकत होती. गर्दीने तुंबलेला पूल गर्दी ओसरली की मोकळा होतो. आमचा रात्री बाराला, वाचनालयाला कुलूप असतानाही तुंबलेलाच असे. आणि आकडा तिप्पट केल्यावर बंद पडायचे दिवसही साधारण तिप्पट झाले. हौदाला भोक असलं की असंच होतं. हौद मोठा केला तर रिकामा व्हायला जास्त दिवस लागतात, एवढाच फरक. कुणीतरी कनेक्शन घेत होतं आणि परत करत नव्हतं, दिवसाला दोनेक.

ते शोधायचं कसं? पोस्टग्रेसला स्वतःलाच विचारता येतं की तुझ्याशी कोण कोण जोडलेलं आहे:

```sql
SELECT pid, backend_start, state, state_change, query
FROM pg_stat_activity
WHERE usename = 'vachanalay'
ORDER BY backend_start;
```

यात पाहण्यासारखा रकाना `backend_start`, म्हणजे कनेक्शन कधी जन्मलं. हिकारी पुलातली कनेक्शनं कायमची ठेवत नाही. न सांगता साधारण अर्ध्या तासाने जुनं काढून नवं करतो. पण एक अपवाद आहे. जे कनेक्शन कुणी घेऊन गेलेलं आहे त्याला तो हात लावत नाही, परत आल्यावरच निवृत्त करतो. त्यामुळे अर्ध्या तासापेक्षा फार जुनं कनेक्शन दिसलं तर ते बाहेर आहे असं समजावं. आमच्या यादीत चार-चार दिवसांची म्हातारी कनेक्शनं होती, सगळी `idle`, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने हातावर हात ठेवून बसलेली. चोरी सिद्ध झाली.

चोर मात्र त्या यादीत सापडत नाही. `query` या रकान्यात त्या कनेक्शनवरचा शेवटचा प्रश्न दिसतो खरा, आणि बरेच जण तिथेच फसतात. कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे ना हे पाहायला एक रिकामा प्रश्न पाठवला जातो, त्यामुळे पुष्कळदा तो रकाना कोराच दिसतो. आणि घेणाऱ्याने घेतल्यावर काहीच विचारलं नसेल तर तिथे आधीच्या कुणा निरपराध्याचा प्रश्न उरलेला असतो. शेवटी पुस्तक कोणी हाताळलं ते कळतं, घेऊन कोण गेलं ते कळत नाही.

त्यासाठी पुलाच्या बाजूनेच पहारा लावावा लागतो. हिकारीत `leakDetectionThreshold` नावाची सोय आहे. एरवी ती बंद असते. ती मी भाच्याकडून फोनवर खात्री करून घेऊन, कंपनीच्या परवानगीने, २०,००० वर ठेवली. म्हणजे वीस सेकंदांत कनेक्शन परत आलं नाही तर ते प्रोग्रामच्या कुठल्या ओळीने घेतलं होतं ते लॉगमध्ये लिहून ठेव. दुसऱ्याच दिवशी दुपारी ओळ सापडली. दाखल क्रमांकावरून पुस्तक शोधायचा भाग होता तो:

```java
Connection c = ds.getConnection();
int no = Integer.parseInt(dakhalNo);
PreparedStatement ps = c.prepareStatement(SQL);
ps.setInt(1, no);
// ... उत्तर वाचणे ...
c.close();
```

वरवर पाहता ठीकच. घेतलं, वापरलं, परत केलं. पण दुसरी ओळ बघा. वाचकाने लिहिलेल्या अक्षरांचा आकडा करायचा ती. आमच्याकडच्या जुन्या संचांचे दाखल क्रमांक '४५१२/२' असे आहेत, तिरप्या रेघेनंतरचा दोन म्हणजे दुसरा खंड. (देवनागरी आकड्यांचा इथे काही दोष नाही. जावाचं `parseInt` ४५१२ आणि 4512 दोन्ही बिनतक्रार वाचतं, हे पाहून मला फार बरं वाटलं होतं.) तिरपी रेघ आली की ती ओळ तक्रार करून तिथल्या तिथे बाहेर पडते. खालच्या ओळी चालतच नाहीत, `c.close()` सुद्धा नाही. वाचकाला 'चूक' एवढं दिसतं, तो मान हलवून निघून जातो, आणि एक कनेक्शन कायमचं बाहेर राहतं. दिवसाला असे दोनेक वाचक खंड शोधत आले की पाचव्या-सहाव्या दिवशी दहाचा पूल संपला. हिशेब चोख जुळला.

दुरुस्ती किती, तर एवढी:

```java
int no = Integer.parseInt(dakhalNo);
try (Connection c = ds.getConnection();
     PreparedStatement ps = c.prepareStatement(SQL)) {
    ps.setInt(1, no);
    // ... उत्तर वाचणे ...
}
```

आकडा करायचं काम कनेक्शन घेण्याआधी आणलं, आणि कनेक्शन `try`च्या कंसात घेतलं. कंसात घेतलेली वस्तू, मधे काहीही बिनसलं तरी, बाहेर पडताना परत केली जाते. जावात ही सोय २०११ पासून आहे. कंपनीच्या मुलांना ती माहीत नव्हती असं मला वाटत नाही. परत करणं ही आपली जबाबदारी आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खंडाचा क्रमांक नीट वाचायची सोय पुढे वेगळी केली, तो विषय निराळा.

पण शंभरचं काय झालं ते राहिलंच. मला राग येतो तो त्याचा. पोस्टग्रेस न सांगता एकूण १०० कनेक्शनं देतो, त्यातली ३ मुख्य व्यवस्थापकासाठी राखीव. इतरांना उरली ९७. हिकारी, वेगळं सांगितलं नाही तर, दिलेल्या आकड्याइतकी कनेक्शनं आधीच उघडून ठेवायला बघतो. पुलाचा आकडा शंभर केल्याबरोबर त्याने ९७ च्या ९७ बळकावली आणि उरलेल्या तिनांसाठी दार ठोठावत बसला. आता वाचनालयात डेटाबेसशी बोलणारा तो एकटाच नव्हता. रात्री दोन वाजता सगळ्या माहितीची नक्कल काढणारा एक छोटा प्रोग्राम चालायचा, साध्या नावाने, राखीव कोट्यातून नव्हे. त्याला रोज रात्री हेच उत्तर मिळत होतं:

```
FATAL: remaining connection slots are reserved for ...
```

हा संदेश जिथे लिहिला जात होता तिथे कुणी बघत नव्हतं. ग्रंथपाल बाई दर महिन्याच्या एक तारखेला नक्कल पेनड्राइव्हवर घेतात, तेव्हा त्यांना दिसलं की शेवटची धड फाइल तेवीस दिवसांपूर्वीची आहे. तेवीस दिवसांची देवघेव, वर्गणीच्या पावत्या, नव्याने दाखल केलेली दोनशेच्या वर पुस्तकं, सगळं एकाच हार्डडिस्कच्या भरवशावर. त्या दिवसांत डिस्क गेली नाही हे नशीब. पूल मोठा करायला पैसे पडत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

भाच्याचं मत थोडं वेगळं आहे, तेही मांडायला हवं. तो म्हणतो, "मामा, आता कनेक्शन कोण हाताने घेतं? स्प्रिंग बूट सगळं आपोआप घेतं, आपोआप परत करतं. हिकारी तर २०१८ पासून त्याच्यात आलेलाच असतो. पोरांनी हे शिकायची गरजच काय?" गळतीपुरतं त्याचं बरोबर आहे. पण 'आपोआप'ने दोन गोष्टी सुटत नाहीत.

पहिली, मोठा पूल वेगवान असतो हा भ्रम. सर्व्हरला चार कोअर असतील तर एका क्षणी चारच कामं खरोखर चालतात. शंभर कनेक्शनांनी एकदम प्रश्न विचारले तर बाकीचे रांगेतच असतात, फक्त रांग आपल्या प्रोग्राममधून उठून डेटाबेसच्या आत जाते आणि तिथे एकमेकांच्या पायांत पाय घालते. पोस्टग्रेसच्या मंडळींत चालत आलेला एक आडाखा आहे, कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. चार कोअर, एक डिस्क, म्हणजे नऊ. आडाखाच तो, तिथून सुरुवात करून मोजून बघावं. पण त्यातून शंभर निघायला केवढं यंत्र लागेल याचा अंदाज करा.

दुसरी गोष्ट म्हणजे कनेक्शन हातात धरून भलतंच काम करणं. गळती बुजवल्यावरही आमच्या लॉगमध्ये पहाऱ्याची तक्रार महिन्यातून एकदा येई, आणि दहा मिनिटांनी त्याच कनेक्शनविषयी 'परत आलं' अशीही नोंद असे, इंग्रजीत `(unleaked)`. म्हणजे गळती नव्हे, उशीर. शोधलं तर तो मुदत उलटलेल्या सभासदांना एसएमएस पाठवणारा भाग निघाला. कनेक्शन घ्यायचं, यादी काढायची, आणि ते तसंच हातात ठेवून तीनशे जणांना एकामागून एक एसएमएस पाठवायचे. एकाला दोन सेकंद धरले तर सहाशे सेकंद, बरोबर दहा मिनिटं, आणि डेटाबेसचं काम त्यातलं सुरुवातीचं क्षणभर. असे दहा भाग एकदम चालले तर दहाचा पूल खरोखरच तुंबेल, एकही गळती नसताना. लिटलच्या गुणाकारात येणाऱ्यांची संख्या आपल्या हाती नसते, धरून ठेवण्याचा वेळ पुष्कळसा असतो. आता यादी वाचून कनेक्शन लगेच परत जातं, मग एसएमएस, आणि प्रत्येक एसएमएसनंतर 'पाठवला' ही नोंद करण्यापुरतं पुन्हा क्षणभर घेतलं जातं. मधेच वीज गेली तर फार तर एखाद्यालाच दोनदा एसएमएस जातो.

परत करण्यातही एक खुबी आहे. वर्गावरून जाताना फळा पुसून जावं हा शिक्षकांचा शिरस्ता, पुढच्या तासाच्या मास्तरांसाठी. कनेक्शनचंही तसंच. अर्धवट राहिलेला व्यवहार हिकारी रद्द करतो, जावाच्या मार्गाने बदललेल्या काही गोष्टी पूर्ववत करतो. पण कुणी थेट `SET search_path TO junya_nondi` असं डेटाबेसलाच सांगून ठेवलं तर ते पुसलं जात नाही. पुढचा घेणारा जुन्या नोंदी वाचत बसतो, आणि तेही दहातल्या एकाच कनेक्शनवर, त्यामुळे चूक कधी दिसते, कधी नाही. असली चूक शोधणाऱ्याची मला दया येते.

हे वाचून कुणी उत्साहाने आपल्या प्रोग्राममधल्या प्रत्येक गोष्टीचा पूल करायला निघेल, तर कृपा करून नको. जावात साधी वस्तू, एखादी यादी किंवा तारीख, नवी करणं अतिशय स्वस्त आहे आणि थोडा वेळ वापरून टाकून दिलेली वस्तू गोळा करायला ती भाषा समर्थ आहे. पूर्वी तसे पूल करायची पद्धत होती, पण त्यांची उस्तवार मूळ वस्तूपेक्षा महाग पडू लागली. करायला वेळ लागतो आणि पलीकडच्या यंत्रावर जागा अडवते, अशा वस्तूसाठीच पूल राखून ठेवावा.

आमच्या वाचनालयात सध्या आकडा पुन्हा १० वर आहे, पहारा चालू आहे, आणि रात्रीची नक्कल निघाली नाही तर ग्रंथपाल बाईंना सकाळी मेल येते. कंपनीने मधे वार्षिक देखभालीचं बिल पाठवलं, त्यात 'कनेक्शन पूल क्षमतावाढ' अशी एक बाब होती. बाईंनी ते मला दाखवलं. मी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून दिली, पुढचं कार्यकारिणी बघेल.